खोलीतून समुद्र दिसत नाही: एका होमस्टेच्या जाहिरातीचं प्रकरण

मागच्या ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीच्या काकांचा फोन आला. वेंगुर्ले तालुक्यात त्यांचं घर आहे, चार खोल्या पाहुण्यांना देतात, आणि बुकिंग साइटवरचं लिस्टिंग "जरा नीट करून दे" असं म्हणाले. मी पुण्यात कॉपी लिहायचं काम करते, साबणापासून सिमेंटपर्यंत काय काय लिहिलंय, त्यामुळे मला वाटलं एका संध्याकाळचं काम आहे. प्रत्यक्षात ते मे महिन्यापर्यंत चाललं, आणि मधे मी एक मोठी चूकही केली. ती पुढे येईलच.

आधी घर कसं आहे ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. चिऱ्याचं जुनं कौलारू घर, पुढे खळं, लांब पडवी, मागे माडाची आणि सुपारीची बाग. दोन खोल्या जुन्या घराला लागून आणि दोन मागच्या बाजूला नव्या बांधलेल्या. चारही खोल्यांना बाथरूम आहे, गरम पाण्याला सोलर आहे, पंखे आहेत, एसी नाही. समुद्र चालत सात मिनिटं, मधे एक व्हाळ लागतो त्यावर सिमेंटचा छोटा साकव आहे. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, जेवण काकी स्वतः करतात, मदतीला वाडीतलीच एक बाई येते. बस, एवढंच.

आणि लिस्टिंगवर काय होतं? "सी व्ह्यू लक्झरी होमस्टे, कोकणातला स्वर्ग". खाली "आलिशान खोल्या, निसर्गाच्या कुशीत, सर्व सुखसोयींनी युक्त, अस्सल मालवणी जेवणाचा आस्वाद". पुतण्याने शेजारच्या गावातल्या कुठल्यातरी रिसॉर्टचं बघून टाकलेलं, नाव तेवढं बदललेलं. पहिला फोटो समुद्राचा होता, तोही ड्रोनने काढलेला, आणि त्यात घर कुठे दिसतच नव्हतं.

मी सगळ्यात आधी रिव्ह्यू वाचले, पस्तीसेक होते. हे काम कुठल्याही होमस्टेसाठी करणार असाल तर सुरुवात इथूनच करा, लिहायला नंतर बसा. वाचताना एक गोष्ट लगेच कळली, की जेवणाबद्दल आणि काका-काकींबद्दल जवळजवळ कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रारी होत्या त्या सगळ्या लिस्टिंगने कबूल केलेल्या गोष्टींच्या. सी व्ह्यू म्हटलं होतं, समुद्र दिसला नाही. लक्झरी म्हटलं होतं, एसी नव्हता. एकाने तर लिहिलं होतं की माणसं देवासारखी आहेत पण फसवणूक झाली, आणि तीन स्टार दिले. एक रिव्ह्यू मला फार आवडला, "तांदळाची क्वालिटी बरी नव्हती, भात जाड आणि लाल होता". अहो तो उकडा तांदूळ! काकी तो मुद्दाम देतात, पाहुण्याला चांगलं मिळावं म्हणून. पण ते कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे शहरातल्या माणसाला वाटलं रेशनचा भात वाढला.

म्हणजे घरात फारसं बिघडलेलं नव्हतं, लिहिण्यात बिघडलेलं होतं. लक्झरी विकून घर देत होते, त्यामुळे घर चांगलं असूनसुद्धा माणूस नाराज होऊन जायचा.

मग मी दोन दिवस तिथे जाऊन राहिले. कोकणकन्येने कुडाळ, तिथून रिक्षा. जायचं कारण असं, की "शांत" हा शब्द मला लिहायचा होता आणि तो लिहून काही होत नाही हे मला माहीत होतं. हायवेवरच्या लॉजवरसुद्धा शांत लिहिलेलं असतं. शांतता विकायची असेल तर तिथे काय ऐकू येतं आणि किती वाजता, हे सांगावं लागतं. म्हणून वही घेऊन पडवीत बसले आणि एक अख्खा दिवस आवाज लिहून काढले. काकींना वाटलं पोरगीला काहीतरी झालंय.

वहीत असं होतं: पहाटे पाचच्या आसपास कोंबडा, शेजारच्यांचा. पावणेसहाला वस्तीची एसटी सुटते, रात्री गावात मुक्कामाला येते ती, निघताना ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो, ते वाडीतल्या लोकांना बोलवायला. (काका अंथरुणातूनच सांगतात आज कोण ड्रायव्हर आहे ते.) सात ते आठ बागेचा पंप. नऊ वाजता मासेवाली पाटी घेऊन येते, ती खळ्यातूनच हाक मारते आणि मग काकींची आणि तिची घासाघीस, हा दिवसातला सगळ्यात मोठा आवाज. दुपारी एक ते चार काहीच नाही, झावळ सुद्धा पडली नाही. संध्याकाळी देवळातली घंटा. रात्री साडेनऊपर्यंत कुत्री, आणि कुत्री थांबली की समुद्र. ही गाज दिवसा अजिबात ऐकू येत नाही, रात्री सगळं बंद झालं की एकदम लक्षात येतं की अरे ही तर मगाचपासून चालू आहे.

तिथेच मला पहिली ओळ सापडली. खोलीतून समुद्र दिसत नाही, रात्री ऐकू येतो. जी सगळ्यात मोठी तक्रार होती तीच वर घ्यायची. काकांना दाखवली तर ते गप्प बसले, काकी म्हणाल्या, "काय गो, ह्या सगळा नाय नाय लिवलंस तर येतलो कोण?"

प्रश्न बरोबरच होता. आणि आता माझी चूक.

काकींचा तो प्रश्न डोक्यात बसला म्हणून पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ती ओळ मागे ढकलली आणि वर मऊ भाषा वापरली. "निवांत", "एकांत", "शहरापासून दूर, स्वतःसाठी वेळ", असलं. छान वाटत होतं वाचायला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकलं आणि फोन वाढले, खरंच वाढले, मी खूश. मग काकांनी सांगितलं फोन कसले येतायत. आठ मुलांचा ग्रुप, "काका तिथे बसायला चालेल ना?" दुसरा, "आम्ही बारा जण आहोत, साउंड आणला तर चालेल का, आजूबाजूला कुणी नाही ना?" आणि जोडप्यांचे फोन की शेजारी कोण राहतं, कुणी विचारत तर नाही ना, रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं का.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मराठीत "निवांत बसायला" म्हणजे काय हे मला माहीत नाही का! बसायचा प्लॅन म्हटलं की बाटली आलीच. आणि "एकांत" हा शब्द लॉजवाल्यांनी इतकी वर्षं वापरलाय की त्याचा अर्थ एकच उरलाय. मी शब्दकोशातला अर्थ लिहिला होता, लोकांनी रस्त्यावरचा वाचला, आणि चूक त्यांची नव्हती. शांत जागा म्हणजे माझ्यासाठी आवाज नाही अशी जागा, त्या बारा जणांसाठी आपण कितीही आवाज केला तरी चालेल अशी जागा. एकाच शब्दावर दोन्ही माणसं फोन करतात. त्यातला एक ग्रुप आलासुद्धा, पडवीत रात्री दोनपर्यंत गाणी लावली, आणि बाजूच्या खोलीत कोल्हापूरहून आलेले आजी-आजोबा होते. त्यांचे पैसे काकांनी परत केले. ते आजोबा घेत नव्हते, तरी केले.

अजून एक प्रकार आला तो मला अजिबात सुचला नव्हता. लॅपटॉपवाले. शांत म्हटलं की वर्क फ्रॉम होमवाला विचारतो वायफाय किती एमबीपीएस. तिथे एकाच कंपनीचं नेटवर्क पडवीच्या डाव्या कोपऱ्यात येतं आणि पाऊस आला, वादळ आलं की लाईट जाते, त्यामुळे मीटिंग असलेल्या माणसाने तिथे येणं म्हणजे दोघांनाही मनस्ताप.

मग सगळं काढून टाकलं. शांत, निवांत, एकांत, रम्य, निसर्गरम्य, कुशीत, सगळं. त्या जागी वहीतल्या वेळा टाकल्या. "रात्री साडेनऊनंतर वाडीत आवाज नसतो, आपणही करायचा नाही" असं वाक्य लिहिलं की शांतता सांगूनही होते आणि नियमही सांगून होतो, आणि साउंडवाला आपोआप दुसरीकडे जातो. एसटीच्या हॉर्नची ओळ मी ठेवली. मैत्रीण म्हणाली हे कशाला लिहितेस, हा तर दोषच आहे. पण पहाटे पावणेसहाला हॉर्न वाजतो असं लिहिलेलं वाचल्यावर वाचणाऱ्याला कळतं की मग बाकी वेळ खरंच काही वाजत नसणार, नाहीतर यांनी तेही लिहिलं असतं. नुसतं शांत लिहून हे साधत नाही.

आता जेवण. इथे अडचण वेगळी होती. "घरगुती जेवण मिळेल" ही पाटी मुंबई-गोवा हायवेवर किती ठिकाणी आहे मोजा एकदा, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी पनीर बटर मसाला मिळतो. "अस्सल मालवणी"चं तर बोलायलाच नको. हे शब्द इतके वापरून गुळगुळीत झालेत की वाचताना डोळा थांबतच नाही. मग मी काकींच्या मागे स्वयंपाकघरात उभी राहिले, एक दिवस, आणि बघितलं की हॉटेलपेक्षा इथे नक्की काय वेगळं होतं. चव तर आहेच, पण चव लिहून दाखवता येत नाही, चविष्ट लिहिलं की संपलं. लिहिता येण्यासारखा फरक होता तो क्रमाचा. हॉटेलात आधी मेनू असतो आणि मग मासे आणतात. इथे आधी मासेवाली येते, पाटीत काय आहे ते बघतात आणि मग दुपारी काय ते ठरतं. त्या दिवशी पाटीत बांगडे आणि थोडे पेडवे होते, सुरमई नव्हती. तर बांगड्याचं तिखलं झालं, तिरफळं घालून, आणि पेडवे तळले. पाहुण्याने सुरमई मागितली असती तर मिळाली नसती, किंवा काकांना स्कूटर काढून बाजारात जावं लागलं असतं आणि तिथल्या भावाने आणावी लागली असती.

म्हणजे मेनू नाही हेच सांगायचं होतं. पण "मेनू नाही" असं नुसतं लिहिलं तर माणसाला वाटतं जे देतील ते गिळा. म्हणून त्याला वेळ जोडली. मासेवाली नऊला येते, त्याआधी सांगा किती जण जेवणार आणि काय खात नाही. ही एक ओळ लिहिल्यावर ताजी मासळी असं वेगळं लिहायची गरजच राहिली नाही, वेळेतूनच ते कळतं. शिवाय काकींचा रोजचा त्रास कमी झाला, कारण लोक आधी दुपारी बारा वाजता बीचवरून फोन करून सांगायचे की आम्ही सहा जण जेवायला येतोय.

सोमवारचा मुद्दा असाच. त्या घरात सोमवारी मासे-मटण शिजत नाही, श्रावणात नाही, गणपतीत नाही. जुन्या लिस्टिंगवर याचा उल्लेखच नव्हता आणि रविवारी रात्री येऊन सोमवारी निघणाऱ्या लोकांच्या तक्रारी होत्या की मालवणी जेवण म्हणून आलो आणि उसळ मिळाली. काकांना वाटत होतं हे लिहिलं तर रविवार-सोमवारचं बुकिंग जाईल. मी काकींना विचारलं सोमवारी नक्की काय करता, तर म्हणाल्या काही नाही गो, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, सोलकढी, आणि बागेत असेल ते, केळफूल नाहीतर फणसाची कुयरी. काही नाही! मी म्हटलं काकी हे लिहू दे, बाकी मी बघते. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे हे ज्याला माहीत आहे तो मुद्दाम सोमवारी येईल, आणि ज्याला माहीत नाही त्याला निदान आधी कळेल. आता शाकाहारी कुटुंबं खास सोमवार धरून येतात, हे मात्र माझ्या हिशोबात नव्हतं.

तिरफळाचं पण लिहावं लागलं. एका बाईंनी अख्खं तिरफळ चावलं, जीभ बधिर झाली, त्यांना वाटलं जेवणात काहीतरी पडलंय, रात्री डॉक्टर शोधत होते. तिरफळ वासासाठी असतं, खायचं नसतं, बाजूला काढायचं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागेल असं वाटतच नाही, तिथेच गडबड होते.

पावसाळ्याचं वेगळं. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, त्या काळात यांत्रिकी बोटी समुद्रात जात नाहीत. त्यामुळे जून-जुलैत कुणी "आजची ताजी सुरमई" म्हणून वाढत असेल तर ती बहुतेक बर्फातली असते. काकी त्या दोन महिन्यांत सुका बांगडा, सुकट आणि खाडीत मिळेल ते करतात. आम्ही लिस्टिंगमध्ये जून-जुलैसाठी जेवणाचा परिच्छेदच बदलतो, 31 मेला जुना काढायचा आणि हा टाकायचा. काकांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या खाली.

टायटलचं थोडं तांत्रिक आहे पण सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्यांना हे नडतं. साइटवर टायटलला अक्षरांची मर्यादा असते आणि मशीन काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजतं. "शांत" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, मोजणीत चार जातात. "स्वयंपाक" चार दिसतो, आठ मोजला जातो. त्यात फोनवर टायटल मधेच कापून टिंबं येतात. म्हणून महत्त्वाचं सगळं पहिल्या तीन-चार शब्दांत यायला हवं. मी आधी "माडाच्या बागेतलं चिऱ्याचं घर" असं लिहिलं होतं, ते कापून "माडाच्या बागेत…" एवढंच दिसायला लागलं, आणि असं तिथे सगळ्यांचंच आहे. शेवटी "चार खोल्या, घरचं जेवण, माडाची बाग" ठेवलं. चार खोल्या सगळ्यात आधी, कारण तेवढ्या दोन शब्दांनी पंचवीस जणांच्या पिकनिकचे फोन थांबले.

फोटोंवर फार बोलत नाही. ड्रोनचा काढला, पहिला पडवीचा लावला, दुसरा ताटाचा (स्टीलचं ताट, केळीचं पान मुद्दाम मांडून काढलेलं नाही), तिसरा खोलीचा आणि चौथा बाथरूमचा. बाथरूमचा फोटो नसला की माणूस तो वाईट आहे असंच धरून चालतो.

आता पूर्ण मजकूर, जो डिसेंबरपासून आहे. गावाचं नाव तेवढं काढलंय.

"खोलीतून समुद्र दिसत नाही. रात्री ऐकू येतो. चालत सात मिनिटांवर आहे, मधे एक व्हाळ लागतो, साकवावरून जायचं.

घर आमचं राहतं आहे. चार खोल्या पाहुण्यांसाठी, बाकीच्या घरात आम्ही दोघं. खोल्यांना पंखे आहेत, एसी नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी उकडतं, तेव्हा सगळे पडवीत येऊन झोपतात, तुम्हीही या. बाथरूम प्रत्येक खोलीला, गरम पाणी सोलरचं, पावसाळ्यात बंबाचं.

जेवण घरात शिजतं तेच, वेगळा मेनू नाही. मासेवाली सकाळी नऊला येते, त्याआधी सांगा किती जण जेवणार आणि काय चालत नाही. पाटीत असेल ती मासळी, बहुतेक वेळा बांगडा, पेडवे, कधी तिसरे, कधी मोरी. सुरमई-पापलेट हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, त्या दिवशीच्या भावाने आणून देऊ, भाव आधी सांगू. भात उकड्या तांदळाचा, जाड आणि लालसर असतो. साधा हवा तर करून देतो. तिखल्यात तिरफळ असतं ते चावू नका, बाजूला काढा.

सोमवारी, श्रावणात आणि गणपतीत घरात मासे-मटण नाही. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे आणि सोलकढी. दुपारचं जेवण एक वाजता, रात्रीचं साडेआठला. उशिरा येणार असाल तर फोन करा, ताट झाकून ठेवू, पण घावणे गरमच खायचे असतात.

रात्री साडेनऊनंतर वाडीत आवाज नसतो, आपणही करायचा नाही. स्पीकर आणि दारू चालत नाही. पहाटे पावणेसहाला वस्तीची एसटी सुटते, तिचा हॉर्न ऐकू येईल. फोनला रेंज पडवीच्या डाव्या कोपऱ्यात मिळते, व्हिडिओ कॉलवर काम असेल तर इथे जमणार नाही."

खाली दर. खोलीचे वेगळे, जेवणाचे वेगळे, लहान मुलांचे वेगळे, आणि पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद आहे ती ओळ. "परवडणारे दर", "बजेट" वगैरे कुठेही नाही. स्वस्त म्हटलं की माणूस घासाघीस करायच्या तयारीने येतो, आणि काकांना नाही म्हणता येत नाही.

बघा यात एकही विशेषण नाही म्हणायला हरकत नाही. "जाड", "लालसर", "गरम" अशी मोजकी सोडली तर. आणि "नाही" किती वेळा आलंय मोजा. पण प्रत्येक नाहीच्या शेजारी एक आहे ठेवलंय, मुद्दाम. एसी नाही, पडवी आहे. सुरमई नाही, आदल्या दिवशी सांगितली तर आहे. दिसत नाही, ऐकू येतो. मधल्या एका ड्राफ्टमध्ये मी नुसत्या नाहींची यादी केली होती, एसी नाही टीव्ही नाही पूल नाही, तेव्हा पाहुण्यांनी फोनवर विचारलं होतं की काका घरात काही प्रॉब्लेम आहे का. एका वाक्यात पडवीत झोपायला या म्हटलं की तोच एसी नसलेला उन्हाळा वेगळा वाटतो. अर्थात ज्याला एसीशिवाय झोप येत नाही तो यानेही येणार नाही, आणि त्याने येऊच नये.

फोनच्या आधी व्हॉट्सॅपवर जो पहिला रिप्लाय जातो तोही बदलला. आधी काका दराचं कार्ड पाठवायचे, आता आधी विचारतात: किती जण, कुठल्या तारखा, सोमवार येतोय का मधे, कुणी शाकाहारी आहे का. चार प्रश्न. काकांच्या मते निम्मी माणसं इथेच कळतात.

फरक काय पडला म्हणाल तर चौकश्या कमी झाल्या. हे आधी सांगते कारण काका जानेवारीत वैतागले होते, फोन वाजत नाही म्हणून. पण जे फोन करतात त्यातले बरेच येतात, आणि आलेले लोक एकाऐवजी दोन-तीन रात्री राहतात, त्यामुळे चादरी धुण्याचं काम कमी आणि जेवणाची ताटं जास्त असा हिशोब झाला. काकींच्या बाजूने बघितलं तर कामही जास्तच, हे मला फेब्रुवारीत कळलं, तेव्हा जेवणाचे दर वाढवले. रिव्ह्यूमध्ये आता लोक मजकुरातलीच वाक्यं परत लिहितात, "हॉर्न खरंच पावणेसहाला वाजला". एसीची तक्रार डिसेंबरनंतर एकदाच आली, आणि ज्यांनी बुकिंग केलं त्यांनी मजकूर वाचलाच नव्हता, फोटो बघून केलं होतं. याला उपाय सापडलेला नाही. बुकिंग कन्फर्म करताना काका तोंडी सांगतात, "एसी नाय हां", आणि समोरचा हो हो म्हणतो.

आणि एक राहिलं, जत्रेचं. कार्तिक-मार्गशीर्षात त्या भागात गावोगावी जत्रा असतात, रात्री उशिरा दशावतार सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, पेटी, मृदुंग, झांज आणि लाउडस्पीकर. मी वहीत आवाज लिहिले ते ऑक्टोबरमधल्या एका साध्या दिवसाचे. डिसेंबरमध्ये मुंबईचं एक जोडपं खास शांततेसाठी आलं आणि नेमकी देवळाची जत्रा, देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. रात्री एक वाजता राक्षस स्टेजवर ओरडतोय आणि हे दोघं खोलीत कानात बोटं घालून. काकांनी त्यांना उठवलं, खुर्च्या घेतल्या आणि नाटकाला नेऊन बसवलं. त्यांना आवडलं, नशीब आमचं, पण ते नशीबच. आता वरच्या मजकुराच्या जोडीला जत्रेची तारीख असते आणि पुढे लिहिलंय की त्या रात्री झोप मिळणार नाही, दशावतार बघायचा असेल तरच या. यंदा त्या रात्रीसाठी दोन खोल्या आधीच गेल्यात.

सध्या प्रश्न वेगळाच आहे. व्हाळाच्या पलीकडचा प्लॉट विकला गेलाय आणि मेमध्ये तिथे चिऱ्याचा पहिला ट्रक आला. काका म्हणतात रिसॉर्ट होणार, वीस खोल्या आणि पूल. काम सुरू झालं की साडेनऊची ओळ खरी राहील पण वहीतली दुपारी एक ते चारची राहणार नाही, आणि रिव्ह्यूमध्ये लोक दुपारच्या झोपेचं खूप लिहितात. मी दर महिन्याला काकांकडून आवाज लिहून मागवते, कंडक्टरच्या अक्षरात वहीच्या पानाचा फोटो येतो. जूनचं पान कालच आलं. "9.00 मासेवाली नाही (बंदी). 11.20 ते 12.45 मिक्सर, काँक्रीटचा. 5.45 एसटी वेळेवर."